पहिलं ऑनलाइन कौशल्य कोणतं विकायचं? मागणी, स्पर्धा, शिकण्याचा वेळ आणि खर्च एकाच मापात मोजण्याची पद्धत

ऑनलाइन काम सुरू करायचं ठरलं की बहुतेक जण एक तक्ता बनवतात. डावीकडे लोगो डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग, सबटायटल्स, एक्सेलची कामं अशी यादी. वर चार रकाने: मागणी, स्पर्धा, शिकायला लागणारा वेळ, सुरुवातीचा खर्च. प्रत्येक रकान्यात 1 ते 5 गुण द्यायचे, स्पर्धा, वेळ आणि खर्च जितका कमी तितके गुण जास्त, मग बेरीज करायची आणि ज्याचे गुण जास्त ते निवडायचं. मीही माझं पहिलं काम असंच निवडलं होतं. लोगो डिझाइन पहिलं आलं, त्यावर कित्येक महिने घातले, आणि शेवटी पहिले पैसे मिळाले ते वेगळ्याच कामाचे, जे त्या तक्त्यात तळाशी होतं.

चूक गुण देण्यात नव्हती, बेरजेत होती. या चार गोष्टी एका जातीच्या नाहीत. मागणी आणि स्पर्धा मिळून ठरवतात की अर्ज करायला लागल्यावर पहिलं काम मिळेपर्यंत किती थांबावं लागेल. शिकण्याचा वेळ ठरवतो की मुळात अर्ज कधी करायला लागाल. आणि खर्च ठरवतो की तोपर्यंत तग धरता येईल का. बेरजेत मागणीचे 5 गुण स्पर्धेचा 1 गुण झाकून टाकतात. प्रत्यक्षात मागणी स्पर्धेला झाकत नाही, स्पर्धा मागणीला खाते.

म्हणून गुण बाजूला ठेवू आणि चारही गोष्टी एकाच मापात आणू: आजपासून पहिलं पैसे देणारं काम हातात पडेपर्यंत किती आठवडे लागतील? मोजणी आटोपायला साधारण तीन आठवडे लागतात. वेळ वाचवायच्या नादात ती टाळू नका, कारण चुकीच्या निवडीत यापेक्षा खूप जास्त वेळ जातो.

## आधी कौशल्याचं नव्हे, कामाचं नाव लिहा

‘ग्राफिक डिझाइन’ला मागणी किती, याला उत्तर नाही. ते मोजताच येत नाही. क्लायंट कौशल्य विकत घेत नाही, तो एक नेमकं काम करून घेतो. म्हणून यादीतल्या प्रत्येक नोंदीत तीन गोष्टी हव्यात: कोणासाठी, काय करून, आणि शेवटी त्यांच्या हातात काय पडेल. ‘एक्सेल’ असं न लिहिता ‘ऑनलाइन दुकानं चालवणाऱ्यांसाठी विक्रीची विस्कटलेली शीट स्वच्छ करून महिन्याचा अहवाल’ असं लिहा. ‘व्हिडिओ एडिटिंग’ऐवजी ‘लांब मुलाखतीतून एक-एक मिनिटाचे उभे व्हिडिओ’ असं लिहा.

असं लिहिलं की दोन फायदे होतात. शोधायला नेमके शब्द मिळतात, आणि काम आपल्याला जमतं की नाही हे एका बैठकीत तपासता येतं. चारपेक्षा जास्त नोंदी ठेवू नका, कारण पुढची मोजणी हाताने करायची आहे.

लेखभर एकच उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंनी काही वर्षं अकाउंट्सचं काम केलं आहे. आठवड्याला दहा तास मोकळे आहेत, लॅपटॉप जुना पण चालता आहे. त्यांच्या यादीत चार कामं आहेत: नव्या व्यवसायांसाठी लोगो, मुलाखतींचे छोटे व्हिडिओ, व्हिडिओंना सबटायटल्स, आणि विक्रीच्या शीटचा महिन्याचा अहवाल. जुन्या पद्धतीने गुण दिले तर लोगोला 15 आणि शीटला 15, म्हणजे बरोबरी. पुढचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. तुमच्या मोजणीत ते वेगळे येतील, पण पद्धत हीच राहील.

## मागणी: जाहिराती मोजा, शोध मोजू नका

मागणी पाहायला लोक गूगल ट्रेंड्स उघडतात. तिथला आकडा 0 ते 100 मधला असतो आणि तो शोधांची एकूण संख्या सांगत नाही, त्या काळातल्या सर्वोच्च पातळीशी तुलना करून दाखवतो. शिवाय ‘लोगो डिझाइन’ शोधणाऱ्यांत लोगो करून घेणारे किती आणि लोगो शिकू पाहणारे किती, हे त्यातून कळत नाही. एखाद्या विषयाचे कोर्स खूप विकले जात असतील तर त्यातून कोर्सची मागणी कळते, आणि स्पर्धक किती तयार होत आहेत तेही. कामाची मागणी त्यातून कळत नाही.

खरी मागणी दिसते ती पैसे द्यायला तयार असलेल्या माणसाने टाकलेल्या कामात. अपवर्कसारख्या साइटवर क्लायंट स्वतः काम टाकतात, त्यामुळे मोजायला ती जागा सोयीची. चौदा दिवस, रोज साधारण एकाच वेळी, प्रत्येक नोंदीचे नेमके शब्द शोधा आणि गेल्या चोवीस तासांत आलेली कामं बघा. आलेलं प्रत्येक काम मोजायचं नाही. चार चाळण्या लावा:

1. क्लायंटच्या माहितीत `Payment verified` दिसतंय का?
2. त्याने आधी कोणाला काम दिलं आहे का? क्लायंटचा `hire rate` तिथेच लिहिलेला असतो. दहा कामं टाकून एकालाही न घेतलेला क्लायंट म्हणजे मागणी नव्हे.
3. कामात ‘किमान पाच वर्षांचा अनुभव’ अशी अट आहे का? असेल तर आज ते तुमच्यासाठी नाही.
4. ते काम खरोखर तुमच्या नोंदीतलं आहे का, की फक्त शब्द जुळला?

तिसरी आणि चौथी चाळणी लोक सैल लावतात, कारण आकडा मोठा दिसला की बरं वाटतं. तिथेच हिशेब बिघडतो.

आपल्या उदाहरणात आठवड्याची सरासरी अशी निघाली समजू: लोगोची 40 कामं आली, चाळून 16 उरली. छोट्या व्हिडिओंची 45 आली, 14 उरली. सबटायटल्सची 14 आली, 5 उरली. शीटची 11 आली, 6 उरली.

इथे बहुतेकांचं मन लोगोकडे झुकतं, 16 म्हणजे जवळपास तिप्पट. पण एक प्रश्न विचारा: आठवड्याला मी नीट अर्ज किती करू शकेन? काम वाचून, क्लायंटची अडचण समजून, त्याच्याशी जुळणारा नमुना जोडून केलेल्या अर्जाला तास जातो. दहा तासांत सराव, नमुने आणि उत्तरं-प्रत्युत्तरं धरली तर सहा अर्ज ही प्रामाणिक मर्यादा. म्हणजे 16 कामांपैकी दहा तुमच्या काहीच उपयोगाची नाहीत. कळशी एकच असेल तर विहिरीला पाणी किती, याने फरक पडत नाही. मागणी तुमच्या अर्जांच्या क्षमतेइतकी असली की पुरे. त्यापेक्षा कमी असेल तर मात्र थेट नुकसान, कारण अर्ज करायला जागाच उरत नाही.

डेटा एन्ट्रीबद्दल एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण नवख्यांच्या यादीत ती हमखास असते. तिच्या नावाने दिसणाऱ्या कामांत फसवणुकीचं प्रमाण मोठं असतं. नोंदणी शुल्क मागणारं, ‘ट्रेनिंग किट’ विकत घ्यायला लावणारं किंवा पहिल्याच निरोपात साइट सोडून दुसऱ्या अ‍ॅपवर बोलावणारं काम मोजणीतून काढा. काम देणारा कधी काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही.

## स्पर्धा: विकणारे किती नव्हे, एका कामावर अर्ज किती

एखाद्या साइटवर लाखभर डिझायनर आहेत, हा आकडा निरुपयोगी आहे. त्यातले बहुतेक गेले कित्येक महिने फिरकलेलेही नसतात. तुम्हाला हवंय ते असं: तुम्ही अर्ज कराल त्या कामावर आणखी किती जण असतील. अपवर्कवर प्रत्येक कामाखाली `Proposals` समोर एक टप्पा दिसतो: पाचपेक्षा कमी, 5 ते 10, 10 ते 15, 15 ते 20, 20 ते 50, 50+ असा. चाळून उरलेली कामं साइटवर आल्यापासून एका दिवसाने पुन्हा उघडा आणि टप्पा नोंदवा. लगेच पाहिलं तर सगळीकडे स्पर्धा कमीच दिसेल.

चौदा दिवसांनी प्रत्येक नोंदीचा मधला टप्पा काढा. समजा लोगो आणि छोटे व्हिडिओ 50+, सबटायटल्स 20 च्या आसपास, शीट 15 च्या आसपास.

आता शक्यता. पन्नास अर्ज असतील तर समान वाटणीत प्रत्येकाला पन्नासात एक संधी. पण वाटणी समान नसते. तुमच्याकडे एकही रिव्ह्यू नाही, इतरांकडे आहेत. म्हणून सुरुवातीला संधी निम्मी धरा, म्हणजे शंभरात एक. पंधरा अर्ज असतील तर तीसात एक, वीस असतील तर चाळीसात एक. हा अंदाज ढोबळ आहे, पण सगळ्या नोंदींना एकच माप लावलंय, त्यामुळे तुलना टिकते.

फायव्हरसारख्या साइटवर उलटं चालतं. तिथे क्लायंट शोधतो आणि तुमची गिग, म्हणजे तुम्ही टाकलेली सेवेची जाहिरात, समोर यावी लागते, म्हणून अर्ज मोजता येत नाहीत. तिथे तुमच्या नोंदीचे शब्द शोधून पहिल्या दोन पानांवर दहापेक्षा कमी रिव्ह्यू असलेले किती विक्रेते आहेत ते मोजा. अशी माणसं दिसत असतील तर नव्याला वाट आहे. सगळ्यांकडे शेकडो रिव्ह्यू असतील तर तुमची गिग कितीही चांगली असो, ती कोणाच्या नजरेस पडायला फार वेळ लागेल.

कमी स्पर्धा दिसली की आनंद होतो, पण तिथेही खात्री करा. तीन आठवड्यांपूर्वी टाकलेली त्याच नोंदीतली कामं उघडून बघा. कोणाला घेतलंय का? की काम तसंच पडून आहे, किंवा तोच क्लायंट तेच काम पुन्हापुन्हा टाकतोय? कोणालाच घेतलं नसेल तर ती जागा स्पर्धेने नव्हे, पैशाने रिकामी आहे.

## शिकण्याचा वेळ: निपुण होईपर्यंत नव्हे, पहिलं काम बिनचूक देईपर्यंत

हा रकाना सगळ्यात जास्त चुकतो. कोर्सवर लिहिलेले तास म्हणजे व्हिडिओ पाहायचे तास. तुम्हाला मोजायचेत ते तास, ज्यांनंतर तुम्ही अनोळखी माणसाचं काम मदतीशिवाय पूर्ण करून देऊ शकता.

ते मोजायचा एकच मार्ग मला खात्रीचा वाटतो. चाळलेल्या कामांतून तीन खरी कामं निवडा. अर्ज करायचा नाही. त्यांच्या वर्णनावरून स्वतः तशी सामग्री तयार करा आणि घड्याळ लावून काम पूर्ण करा. तिन्ही वेळा किती तास लागले आणि कुठे अडलात, हे लिहून ठेवा. पहिल्या आणि तिसऱ्या वेळेतलं अंतर बघा. वेळ निम्म्याने कमी झाला असेल तर शिकणं वेगात आहे. तिसऱ्या वेळीही नवीनच ठिकाणी अडत असाल तर काम बाहेरून वाटलं त्यापेक्षा खोल आहे.

शीटच्या कामात हे कसं दिसतं ते जवळून पाहू. कामाचं वर्णन साधं: ‘दोन शीटमधली ग्राहकांची नावं जुळवून महिन्याची विक्री काढून द्या.’ आपल्या अकाउंट्सवाल्या बाई म्हणतील, हे तर रोजचंच. त्या एका शीटमधलं नाव दुसरीत शोधणारं `VLOOKUP` लावतात आणि निम्म्या ओळींत `#N/A`, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं येतं. दोन्हीकडची नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी. अक्षरं मोजणारं `LEN` लावलं की एकीकडे 12 आणि दुसरीकडे 13 अक्षरं दिसतात, म्हणजे शेवटी न दिसणारी जागा आहे. जादा स्पेस काढणारं `TRIM` लावूनही ती जात नाही. वेबपेजवरून कॉपी झालेल्या मजकुरात अनेकदा साध्या स्पेसऐवजी न तुटणारी स्पेस येते, आणि `TRIM` ती ओळखत नाही. तिला आधी साधी करावी लागते:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

हे सुटलं की तारखा अडतात. मूळ फाइलमध्ये आधी दिवस, मग महिना. शीटची सेटिंग मात्र आधी महिना समजणारी. 25/04 चा पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती तारीख न बनता मजकूर राहते आणि रकान्यात डावीकडे चिकटते. ही चूक निदान दिसते. खरी भीती 03/04 ची. ती गुपचूप 4 मार्च होते, उजवीकडे नीट बसते आणि एप्रिलची विक्री मार्चमध्ये जाते. अहवाल सुंदर दिसतो, आकडा चुकीचा असतो. तारखांच्या एकाच रकान्यात काही नोंदी डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या तर थांबायचं आणि फाइल योग्य सेटिंगने पुन्हा आत घ्यायची.

अशा दोन-तीन सापळ्यांतून गेल्यावर बाईंना तिसरं काम सरळ जातं, आणि महत्त्वाचं म्हणजे बेरीज जुळत नाही हे त्यांना क्लायंटच्या आधी कळतं. ती सवय अकाउंट्समधून आली आहे. त्यामुळे त्यांचे शिकण्याचे तास 20 धरू.

लोगोचं वेगळं आहे. सॉफ्टवेअर चार दिवसांत हाताशी येतं. पण आपला लोगो लहान आकारात वाचता येत नाही, अक्षरांमधली अंतरं विषम आहेत, किंवा तो इतर दहा लोगोंसारखा दिसतो, हे स्वतःहून ओळखणारी नजर तयार व्हायला वेळ लागतो. तीन सरावकामं केल्यावरही आपलं काम चांगलं की वाईट, हे सांगता येत नसेल तर शिकणं संपलेलं नाही. त्यांच्यासाठी लोगोचे 80 तास, छोट्या व्हिडिओंचे 60, सबटायटल्सचे 30 धरू. तुमचे आकडे तुमच्या तीन सरावकामांतून येतील. ज्याने चित्रकलेत वर्षं घालवली आहेत त्याचे लोगोचे तास कदाचित 15 निघतील, आणि मग सगळा हिशेब फिरेल. म्हणूनच दुसऱ्याची ‘सर्वोत्तम दहा कौशल्यं’ अशी यादी उपयोगाची नसते.

## खर्च: सॉफ्टवेअर नव्हे, अर्ज महाग पडतात

सॉफ्टवेअरचा खर्च बहुतेक वेळा शून्यावर आणता येतो. गूगल शीट्स मोफत आहे. सबटायटल्ससाठी सबटायटल एडिट मोफत आहे. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती मिळते, पण तिला दमदार ग्राफिक्स असलेली मशीन लागते. जुन्या लॅपटॉपवर ती अडखळते, म्हणजे खर्च सॉफ्टवेअरमधून मशीनवर सरकतो. हा फरक सराव करताना लगेच कळतो.

लोक विसरतात तो खर्च अर्जांचा. अपवर्कवर अर्ज करायला ‘कनेक्ट्स’ लागतात. मोफत मिळालेले संपले की ते विकत घ्यावे लागतात, मग काम मिळो न मिळो. आता मघाची शक्यता आठवा. शंभरात एक संधी म्हणजे पहिल्या कामाआधी सरासरी शंभर अर्जांचा खर्च. तीसात एक म्हणजे तीस अर्जांचा. म्हणजे फुकट सॉफ्टवेअरवर चालणारा लोगो सुरुवातीच्या खर्चात शीटपेक्षा तिपटीहून महाग आहे, आणि गुणांच्या तक्त्यात दोघांनाही खर्चाचे पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

याशिवाय साइटची कपात असते. फायव्हर विक्रेत्याच्या कमाईतून 20 टक्के घेतं, म्हणजे 100 च्या ऑर्डरमधून हातात 80. ती तिथे सगळ्या नोंदींना सारखीच लागते, म्हणून तुलनेत फरक पडत नाही, पण दर ठरवताना विसरू नका.

## आता हिशेब

पहिल्या कामापर्यंतचे आठवडे दोन तुकड्यांत येतात. पहिला तुकडा: शिकण्याचे तास भागिले आठवड्याचे तास. दुसरा: पहिलं काम मिळायला सरासरी लागणारे अर्ज भागिले आठवड्याचे अर्ज. आठवड्याचे अर्ज म्हणजे चाळलेली कामं किंवा तुमची क्षमता, यातलं जे कमी ते. शीटमध्ये B मध्ये शिकण्याचे तास, C मध्ये चाळलेली कामं, D मध्ये सरासरी लागणारे अर्ज भरले, आठवड्याचे तास 10 आणि अर्ज 6 धरले, तर:

```
=B2/10+D2/MIN(C2,6)
```

| काम | शिकण्याचे तास | चाळलेली कामं | लागणारे अर्ज | एकूण आठवडे |
|---|---|---|---|---|
| लोगो | 80 | 16 | 100 | सुमारे 25 |
| छोटे व्हिडिओ | 60 | 14 | 100 | सुमारे 23 |
| सबटायटल्स | 30 | 5 | 40 | 11 |
| शीटचा अहवाल | 20 | 6 | 30 | 7 |

गुणांच्या बेरजेत लोगो आणि शीट बरोबरीत होते. इथे एक सात आठवड्यांवर आहे आणि दुसरं जवळपास सहा महिन्यांवर. या सात आठवड्यांत तीस अर्जांचा खर्च आहे, त्या सहा महिन्यांत शंभर अर्जांचा.

फरक दोन-तीन आठवड्यांचाच निघाला तर मात्र आकड्यांना चिकटून बसू नका, कारण संधी निम्मी धरण्याचा आपला अंदाज तेवढा अचूक नाही. अशा वेळी मी दोन गोष्टी बघतो. पहिली, काम परत येतं का? लोगो एका क्लायंटला एकदाच लागतो. महिन्याचा अहवाल दर महिन्याला लागतो, आणि नियमित व्हिडिओ टाकणाऱ्याला सबटायटल्स दर आठवड्याला. परत येणाऱ्या कामात अर्जांचा खर्च एकदाच होतो. दुसरी, तासाला सुटतं किती? चाळलेल्या कामांचं बजेट कपात वजा करून तुमच्या तिसऱ्या सरावकामाच्या तासांनी भागा, आणि निरोप व दुरुस्त्यांसाठी त्या तासांत निम्म्याने भर घाला. हा आकडा तुम्हाला परवडत नसेल तर पहिलं काम लवकर मिळूनही उपयोग नाही, कारण दोन महिन्यांत तुम्ही ते सोडाल.

## निवडल्यावर कधी थांबायचं

निवड झाली, अर्ज सुरू झाले, आणि तीस अर्ज होऊनही काम नाही. बहुतेक जण इथे सोडतात आणि यादीतलं दुसरं काम धरतात. गणित वेगळं सांगतं. संधी खरोखर तीसात एक असेल तरी तीस अर्जांनंतर हात रिकामा राहण्याची शक्यता सुमारे 36 टक्के असते. म्हणजे निवड अगदी बरोबर असलेल्या दर तिघांतला एक इथे फक्त नशिबाने अडकलेला असतो. साठ अर्जांनंतर ती शक्यता 13 टक्क्यांवर येते. म्हणून काम मिळालं नाही एवढ्यावरून निर्णय घ्यायचा असेल तर साठ अर्जांनंतर घ्या.

पण तोपर्यंत डोळे झाकून बसायची गरज नाही. काम मिळण्याआधी उत्तरं येतात, आणि ती जास्त संख्येने येतात, म्हणून प्रत्येक अर्जापुढे निकाल लिहा: उत्तर नाही, उत्तर आलं पण काम नाही, काम मिळालं. वीस अर्जांत एकही उत्तर नसेल तर अडचण बहुधा अर्जाच्या पहिल्या दोन ओळींत आहे, कारण क्लायंटला यादीत तेवढंच दिसतं. तिथे स्वतःची ओळख न देता त्याच्या कामातली अडचण लिहा. ‘तुमच्या तारखांच्या रकान्यात दिवस-महिना उलटले असण्याची शक्यता आहे, ते आधी तपासून मग बेरीज देईन’ ही ओळ दहा वर्षांच्या अनुभवाच्या वर्णनापेक्षा लवकर उघडली जाते.

उत्तरं येतात, बोलणं होतं आणि मग शांतता, असं तीन-चार वेळा झालं तर ओळी ठीक आहेत, नमुना किंवा दर कमी पडतोय. दर लगेच उतरवू नका. आधी नमुना बदला: ज्या क्लायंटशी बोलणं थांबलं त्याच्याच प्रकारच्या कामाचा, आधी आणि नंतर असा दोन चित्रांत फरक दाखवणारा नमुना बनवा. पुढच्या दहा अर्जांना तो जोडा आणि नोंदी पुन्हा बघा.

दोन्ही दुरुस्त्या करून साठ अर्ज झाले आणि तरी हात रिकामा असेल, तर संधी बहुधा तीसात एक नव्हती, तुमचा अंदाज चुकला. आता लागणाऱ्या अर्जांच्या रकान्यात 30 खोडून तुमच्या उत्तरांवरून नवा आकडा लिहा. एकही उत्तर नसेल तर किमान 100 लिहा आणि तक्ता पुन्हा काढा. मधल्या काळात शिकण्याचे तास संपलेले असतात, म्हणून जुन्या कामासमोर तिथे शून्य येतं आणि कधीकधी नव्या आकड्यानेही तेच पहिलं राहतं. पहिलं राहिलं नाही, तर दुसऱ्या क्रमांकाच्या कामाची मोजणी आठवडाभर ताजी करा, कारण दोन-तीन महिन्यांत अर्जांचे टप्पे बदललेले असतात, आणि त्या नव्या आकड्यांवर पुढचे वीस अर्ज करा.